आखाजीची जाहिरात, लेकीचा ‘वाटा’ आणि पंधराशे शब्दांचा निबंध

प्रश्न: मॅडम, मी एम.ए. मास कम्युनिकेशनच्या दुसऱ्या सत्राला आहे. छापील जाहिरातीचं चिन्हमीमांसेच्या अंगाने, म्हणजे चिन्हांतून अर्थ कसा घडतो ते बघत, विश्लेषण करून १५०० शब्दांचा निबंध द्यायचा आहे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी आपल्या खान्देशातल्या पेपरात आलेली एका सराफाची अर्ध्या पानाची जाहिरात मी घेतली, फोटो सोबत पाठवलाय. वाच्यार्थ, म्हणजे चित्रात सरळ दिसतं ते, लिहिला. सूचितार्थात, म्हणजे त्यातून काय सुचतं त्या भागात, ‘लाल म्हणजे प्रेम, सोनं म्हणजे समृद्धी’ असं लिहिलं. सरांचा शेरा आला, ‘हे नुसतं वर्णन आहे, मिथक कुठे?’ सूचितार्थ आणि मिथक यांत नेमका फरक काय, आणि निबंधाची मांडणी कशी करू?

उत्तर:

सरांचा शेरा बरोबर आहे. पण चूक मिथकाच्या भागात नाही, ती तुझ्या पहिल्याच वाक्यात आहे. तू लिहिलंस, ‘जाहिरातीत एक वडील आपल्या मुलीला झोका देत आहेत.’ आता पेपर समोर घे, वरच्या मथळ्यावर हात ठेव आणि फक्त चित्र बघ. पंचावन्न-साठीचा एक माणूस आहे, पांढरा सदरा, पांढरी टोपी. पंचविशीची एक बाई आहे, लाल साडी, दोन्ही मनगटांत पाटल्या. कडुनिंबाच्या फांदीला झोका आहे, दोराला झेंडूच्या माळा गुंडाळल्या आहेत. दोर बाईनेही धरलाय आणि तिच्या हाताच्या वितभर वर त्या माणसानेही. यात ‘वडील’ कुठे आहेत? तो मामा असेल, काका असेल, सासराही असू शकतो. वडील आले ते मथळ्यातून: ‘लेकीचा वाटा, सोन्याचा’. हात काढलास की तो माणूस बाप होतो.

फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थने १९६४ सालच्या जाहिरातीवरच्या निबंधात याच गोष्टीला नांगर टाकणं म्हटलंय. चित्राचा अर्थ एकटा असताना होडीसारखा इकडेतिकडे हलत असतो, शब्द त्याला एका काठाला बांधतात. तू ही बांधणी लक्षात न घेता बांधलेला अर्थच ‘दिसतो’ म्हणून लिहिलास. वाच्यार्थाच्या भागात ही एक चूक झाली की पुढचं सगळं आधीच उरकल्यासारखं होतं आणि मग सूचितार्थात लिहायला रंगांशिवाय काही उरत नाही.

म्हणून वाच्यार्थ पुन्हा लिही, आणि लिहिताना एकच कसोटी लाव: आखाजी म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही, मराठी वाचता येत नाही, अशा माणसाला हे वाक्य मान्य होईल का? ‘सणाचं वातावरण’ त्याला मान्य होणार नाही, ‘दोराला पिवळी-केशरी फुलं’ मान्य होईल. चित्र, अक्षरं आणि मांडणी, तिन्ही नोंदव. कोण कुठे बघतंय हे नक्की लिही. इथे माणूस बाईकडे बघतोय, बाई त्याच्याकडे बघत नाही, तिची नजर उजवीकडे खाली जाते, आणि पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात दुकानाचं बोधचिन्ह आहे. काय ठळक आहे आणि काय धूसर, हेही लिही. पाटल्यांवरचं नक्षीकाम मोजता येईल इतकं स्पष्ट आहे. मागे हिरवं काहीतरी पसरलंय. पानांचा आकार बघता ती केळीची बाग आहे, पण फोकसबाहेर. हे वाक्य नीट जपून ठेव, निबंधाचा कणा तिथे आहे. आणि जे नाही तेही नोंदव, मात्र अंदाजाने नाही. ज्याची अपेक्षा होती आणि जे आलं नाही, तेवढंच. आई नाही, भाऊ नाही, नवरा नाही, मंगळसूत्र पदराआड गेलंय.

आता सूचितार्थ. ‘लाल म्हणजे प्रेम’ हे कोशासारखं लिहिणं झालं. लाल म्हणजे धोका, लाल म्हणजे कुंकू, लाल म्हणजे शेरा मारायची शाई. चिन्हाला अर्थ मिळतो तो त्याच्या जागी जे येऊ शकलं असतं पण आलं नाही, त्याच्या तुलनेत. त्यामुळे काम करायची रीत म्हणजे अदलाबदल. एक घटक काढ, त्याच जातीचा दुसरा ठेव, आणि जाहिरात काय वेगळं बोलायला लागते ते बघ.

तुझ्या जाहिरातीत मी हे करून पाहिलं. साडी लालऐवजी हिरवी केली. फारसं काही बदललं नाही, कारण दोन्ही सुवासिनीच्या साड्या आहेत. म्हणजे लाल रंगावर परिच्छेद खर्च करण्यात अर्थ नाही. मग पाटल्यांच्या जागी मंगळसूत्र पुढे आणलं, आणि जाहिरात उलटीच झाली. मंगळसूत्र सासरचं, पाटल्या माहेरच्या. म्हाताऱ्या माणसाच्या जागी नवरा ठेवला, तर ती लग्नाच्या वाढदिवसाची जाहिरात झाली. झोक्याच्या जागी सोफा ठेवला, तर आखाजी गेली, कुठलाही मुहूर्त चालेल. म्हणजे या चित्रात अर्थाचा भार उचलणाऱ्या गोष्टी तीन: झोका, तो पुरुष आणि मनगट. तिन्ही मिळून जे सुचवतात ते ‘समृद्धी’ नाही, ते माहेर आहे. सासुरवाशीण आखाजीला माहेरी येते, झोक्यावर बसते, चार दिवस तिला कुणी उठ म्हणत नाही. ही आठवण आपल्याकडच्या प्रत्येक घरात आहे, आणि जाहिरातीने तीच पाटल्यांच्या शेजारी आणून बसवली आहे.

अक्षरांचंही असंच करून बघ. मथळ्याखाली ‘या आखाजीला’ असं लिहिलंय, ‘या अक्षय तृतीयेला’ असं नाही. तारीख एकच, पण ‘अक्षय तृतीया’ पंचांगातली आणि ‘आखाजी’ घरातली. हा शब्द दुकानाला आपल्यातलं करून टाकतो. बार्थच्या गाजलेल्या उदाहरणात पान्झानी नावाच्या फ्रेंच कंपनीची जाहिरात आहे: उघड्या जाळीच्या पिशवीतून बाहेर आलेली पास्त्याची पाकिटं, डबा, टोमॅटो, कांदे, मिरच्या. तो म्हणतो की नावाचा नाद आणि भाज्यांचे रंग मिळून ‘इटालियनपण’ सुचवतात, पण हे इटालियनपण फ्रेंच माणसाच्या डोक्यातलं आहे, खुद्द इटालियन माणसाला ते क्वचितच जाणवेल. तुझी जाहिरात बघताना मला हेच आठवलं, फक्त बाजू उलटी आहे. इथे ‘खान्देशीपण’ खान्देशी माणसालाच विकलंय. आपला आखाजीचा झोका म्हणजे कडुनिंबाला टाकलेला जाड दोर, बसायला घडी केलेलं गोणपाट नाहीतर एखादी फळी. झेंडूच्या माळा गुंडाळलेला झोका स्टुडिओतून आलाय. वाचकाला तो खोटा वाटत नाही, आपलाच पण नटवलेला वाटतो. यावर एक चांगला परिच्छेद होईल, आणि तो खान्देशच्या बाहेरचा विद्यार्थी लिहू शकणार नाही.

एक सावधगिरी. बी.ए.ला मराठी असेल तर अभिधा, लक्षणा, व्यंजना या शब्दशक्ती शिकलेली असशील, आणि मोह होईल की अभिधा म्हणजे वाच्यार्थ, व्यंजना म्हणजे सूचितार्थ असं जुळवून टाकावं. सूचितार्थापर्यंत ते बऱ्यापैकी जुळतं. पण तीन शब्दशक्ती आहेत आणि वाच्यार्थ, सूचितार्थ, मिथक या विश्लेषणाच्याही तीन पायऱ्या आहेत म्हणून मिथकाशी जोडी लावायला जाऊ नकोस. शब्दशक्ती अर्थ कसा पोचतो ते सांगते. मिथक विचारतं, तो अर्थ पोचताना कोणता इतिहास गळून पडला?

हाच तुझ्या प्रश्नातला फरक आहे. बार्थचंच उदाहरण घेऊ. १९५५ सालच्या ‘पारी-माच’ या फ्रेंच साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर फ्रेंच गणवेशातला एक कृष्णवर्णीय तरुण सलाम करतोय, नजर वर, बहुधा झेंड्याकडे. वाच्यार्थ एवढाच. सुचतं ते लष्करीपण, फ्रेंचपण, निष्ठा. पण हे सगळं मिळून आणखी एक गोष्ट न बोलता सांगितली जाते: फ्रान्स हे मोठं साम्राज्य आहे, आणि त्याची सगळी लेकरं, कुठल्याही वर्णाची, त्याची आनंदाने सेवा करतात. त्याच काळात अल्जीरियात फ्रान्सविरुद्धचा लढा पेटलेला होता, १९५४ मध्ये सुरू झालेला. चित्रात त्याचा मागमूस नाही. चित्र खोटं नाही, त्या मुलाने खरंच सलाम केला असेल. पण वसाहतीचा इतिहास त्या सलामातून निथळून गेला आणि उरलं ते ‘असंच तर असतं’. बार्थच्या मते मिथक लपवत नाही, वाकवतं. जे माणसांनी घडवलं, ते निसर्गाने दिल्यासारखं करून दाखवतं.

म्हणजे ‘माहेरची माया’ हा सूचितार्थ झाला, मिथक नाही. मिथक शोधायचं तर एक वाक्य लिहायचं, जे जाहिरात कधीच उच्चारणार नाही, पण जे खरं मानल्याशिवाय जाहिरात समजणारच नाही. मी मुलांना अशी चार-पाच वाक्यं कच्ची लिहायला लावते आणि प्रत्येकाला विचारते: हे वाक्य कुणी नाकारू शकेल का? ‘बापाची लेकीवर माया असते’ हे कुणी नाकारणार नाही, ते मिथक म्हणून उपयोगाचं नाही. ‘सोनं शुभ असतं’ जरा बरं, पण कुठल्याही सराफाच्या जाहिरातीला लागू पडतं.

तुझ्या जाहिरातीत मात्र एक शब्द असा आहे की त्याने मी थांबले. ‘वाटा’. आपल्याकडे वाटा कशात असतो? वाटे-हिस्से शेताचे होतात. वाटणी सातबाऱ्यावर चढते, बांधावरून भांडणं होतात, तलाठ्याकडे खेपा होतात. सोन्याला आपण वाटा म्हणत नाही, सोनं ‘घालतो’, ‘करतो’, ‘अंगावर देतो’. जाहिरातीने जमिनीचा शब्द उचलून सोन्याला लावलाय. मग न बोललेलं वाक्य असं निघतं: लेकीचा वाटा सोन्यात असतो, जमिनीत नसतो.

हे वाक्य नाकारता येतं, म्हणून ते कामाचं आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा हक्क दिला (त्या दुरुस्तीआधी लग्न झालेल्या मुली तेव्हा वगळल्या होत्या), आणि २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने तो देशभर आला. कायद्याच्या पुस्तकात लेकीचा वाटा शेतात आहे. प्रत्यक्षात गावोगाव काय होतं ते तुला मी सांगायला नको. बहिणींना बोलावलं जातं, हक्कसोडपत्रावर सह्या होतात, आणि त्यांना साडी-चोळी, कधी एखादा दागिना मिळतो. सही न करणाऱ्या बहिणीचं माहेर तुटतं. म्हणजे ‘सोनं घे, जमीन सोड, माहेर राख’ हा एक व्यवहार आहे, त्याला तारखा आहेत, कागद आहेत, दबाव आहे. जाहिरातीत यातलं काही नाही. तिथे बाप आहे, झोका आहे आणि खाली ओळ आहे: ‘तिला द्या कधीही न सरणारं माहेर.’ व्यवहाराची माया झाली. ही ती जागा, जिथे इतिहास निथळून जातो.

आणि आता त्या केळीच्या बागेकडे परत ये. जमीन चित्रात आहे. ती काढलेली नाही, फक्त फोकसबाहेर आहे. सोनं समोर, नक्षीसकट स्पष्ट. ‘वाटा’ या शब्दाला दोन जागा शक्य होत्या. मथळ्याने एक निवडली आणि भिंगाने तीच निवडली.

इथे थोडं सांभाळ, कारण चांगले निबंध इथेच घसरतात. मी अकरा वर्षं एका जाहिरात संस्थेत मजकूर लिहायचं काम केलंय. दागिन्याच्या फोटोत मागचं धूसर ठेवणं ही रोजची रीत आहे. दुकानदाराचं एकच सांगणं असतं, ‘नग दिसला पाहिजे.’ त्यामुळे फक्त धूसरपणावरून जमिनीचं मिथक सिद्ध होत नाही. मथळ्यातला ‘वाटा’, भावाची गैरहजेरी, ‘द्या’ हे बापाला उद्देशून असलेलं क्रियापद आणि धूसर शेत, हे चार धागे एकाच दिशेला ओढतात म्हणून वाचन टिकतं. एका धाग्यावर मिथक टांगू नकोस. तसंच ‘जाहिरातदाराने मुद्दाम स्त्रियांचा हक्क डावलला’ असं लिहू नकोस. तुला त्याच्या मनातलं माहीत नाही, आणि मिथकाला मुद्दाम लागतही नाही. मथळा सुचणाऱ्याला ‘वाटा’ हा शब्द गोड वाटला असेल, कारण त्याच्याही डोक्यात ते मिथक आधीच बसलेलं आहे. ‘वाचक असं मानू लागतात’ हेही टाळ. वाचकांना तू विचारलेलं नाहीस. ‘जाहिरात वाचकाला या जागी उभं करते’ एवढंच तुझ्या हातात आहे.

आता मांडणी. बहुतेक मुलं तीन मथळे पाडतात, वाच्यार्थ, सूचितार्थ, मिथक, आणि प्रत्येकाखाली तेच तेच घटक पुन्हा फिरवतात. झोका तीनदा येतो, पाटल्या तीनदा येतात, आणि युक्तिवाद कुठेच पुढे सरकत नाही. शिवाय तीन पायऱ्यांचा हा सुबक जिना पाठ्यपुस्तकांनी बांधलाय. बार्थकडे मिथक आणि सूचितार्थ यांची रचना एकच आहे, दोन्ही आधीच्या चिन्हावर उभं राहिलेलं दुसरं चिन्ह. १९७० मध्ये तर त्याने असंही मांडलं की वाच्यार्थ हा निरागस पहिला अर्थ नसतोच, तो शेवटचा सूचितार्थ असतो, पहिला असल्याचं भासवणारा. तुझे ‘वडील’ हे त्याचंच उदाहरण. म्हणून जिना विश्लेषणासाठी वापर, निबंधाचे मथळे म्हणून नको.

सुरुवात दावा मांडून कर, शंभर-दीडशे शब्दांत. ‘ही जाहिरात दागिना विकते’ हा दावा नाही. असं काहीतरी लिही: ‘ही जाहिरात वाटणीच्या भाषेतला शब्द सोन्याला लावून, लेकीच्या जमिनीतल्या हक्काची जागा मायेने भरते.’ हे कुणी खोडून काढू शकेल, म्हणून पुढे लिहायला कारण मिळतं. त्यानंतर अडीचशे शब्दांत वर्णन, वर सांगितलेल्या कसोटीने, आणि त्यात पुढे वापरणार तेवढेच घटक. सिद्धान्ताला वेगळं प्रकरण देऊ नकोस. ‘चिन्हक म्हणजे काय’ हे सरांना माहीत आहे. नांगराची गोष्ट मथळ्याच्या परिच्छेदात दोन वाक्यांत सांग, मिथकाची व्याख्या ‘वाटा’च्या परिच्छेदात.

मधले सातशे-आठशे शब्द हा निबंधाचा खरा भाग. त्यात प्रत्येक परिच्छेद एका चिन्हाचा, पायरीचा नाही, आणि प्रत्येक परिच्छेदात तिन्ही पायऱ्या चढायच्या. झोक्याचा परिच्छेद साधारण असा चालेल: ‘झोक्याच्या दोराला झेंडूच्या माळा आहेत आणि दोर दोघांनी धरला आहे. झोक्याच्या जागी दिवाणखाना असता तर हा प्रसंग कुठल्याही मुहूर्ताचा झाला असता. झोक्यामुळे तो आखाजीचा आणि म्हणून माहेरचा होतो. पण पुरुषाचा हात वर आणि बाईचा खाली आहे. झोका देणारा तो आहे, बसणारी ती. माहेर इथे तिचा हक्क म्हणून नाही, त्याने दिलेली गोष्ट म्हणून येतं.’ बघ, दिसणाऱ्या गोष्टीपासून निघालो, अदलाबदलीने अर्थ काढला आणि शेवटच्या वाक्यात मुख्य दाव्याला हात लावला. असेच तीन परिच्छेद पुरेत: झोका, मग मनगट आणि नजर, मग ‘वाटा’ आणि धूसर बाग. ‘वाटा’ शेवटी ठेव, कारण सगळ्यात जड तोच आहे. आखाजीला वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या सालदाराचं सालही बदलतं आणि पितरांची घागरही भरली जाते, जाहिरातीत दोन्ही नाहीत. हे खरं आणि मोलाचं आहे, पण दुसऱ्या निबंधाचं. इथे आणलंस तर दावा फाटेल.

यानंतर दोनशे शब्द स्वतःच्या विरोधात लिही, आणि मनापासून. कुणी म्हणेल, स्त्रीधन कायद्याने तिचंच असतं, अडचणीच्या वेळी बाईच्या हाताशी सोनंच येतं, जमीन तर भावाच्या नाहीतर नवऱ्याच्या ताब्यात राहते. मग सोन्याला वाटा म्हटलं तर चुकलं काय? हा आक्षेप भक्कम आहे. माझी आई हेच म्हणायची, आणि तिच्या आयुष्यात ते खरंही होतं. तू एवढंच दाखव की जाहिरात ‘सोनंही’ म्हणत नाही, ‘वाटा, सोन्याचा’ म्हणते. स्वल्पविरामापाशी निवड संपते. आक्षेपाने दावा मोडत नाही, पण आकसतो, आणि आकसलेला दावा तू ठामपणे लिहू शकतेस. समारोपात वरचं सगळं पुन्हा सांगू नकोस. शंभर शब्द, शक्यतो चित्रातल्याच एखाद्या तपशिलावर.

लिहायला बसण्याआधी मात्र मूळ पेपर काढ. मला आलेला फोटो मोबाइलचा आहे, थोडा तिरका, डावी कड कापलेली. धूसर बाग छपाईतच धूसर आहे की तुझ्या मोबाइलच्या कॅमेऱ्याने केली, हे फोटोवरून मला ठरवता येत नाही, आणि तुझा अर्धा युक्तिवाद तिच्यावर आहे. दिवसाच्या उजेडात पान सपाट ठेव, साधं भिंग घेऊन बघ. पाटल्यांच्या जागी कडा धारदार दिसतात आणि मागच्या हिरव्यात त्या विरघळतात, असं कागदावर दिसलं तर निर्धास्त लिही. डाव्या कापलेल्या कडेला आणखी कुणी उभं आहे का, तेही बघ. तिथे भाऊ निघाला तर माझ्याकडे परत ये, मग निबंध वेगळा लिहावा लागेल. जोडपत्रात पान पूर्ण लाव, फक्त जाहिरात कापून नको, आणि खाली वर्तमानपत्राचं नाव, आवृत्ती, तारीख आणि पान क्रमांक लिही.